पंधराव्या रांगेतून दिसणारं कापड

नाटकाच्या कपडेपटाचा वाद तोंडी घालू नये, हे मी उशिरा शिकले. तालमीच्या हॉलमध्ये दिग्दर्शक म्हणतो, "जरा भरजरी दिसू दे," आपण मान डोलावतो, आणि पंधरा दिवसांनी कापड कापून झाल्यावर दोघांच्याही लक्षात येतं की 'भरजरी' म्हणजे काय हे ठरलंच नव्हतं. म्हणून आता मी पत्र लिहिते. कोणतं कापड बदलायचं, का बदलायचं, पैसे किती वाढतील, किती वाचतील आणि त्यात आपण काय गमावू, एवढंच त्यात असतं. सोबत कापडाचे तुकडे टाचलेले.

नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या एका नाटकासाठी असंच पत्र लिहिलं होतं. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात. दिग्दर्शकाने दरबारातल्या सहा पुरुषांना पॉलिस्टरच्या जरीकामाच्या कापडाचे जामे, नारायणरावाला सॅटिनचा अंगरखा आणि आनंदीबाईला हातमागाची खरी पैठणी असा बेत आखला होता. पत्राची सुरुवात अशी होती:

"दादा, सप्रेम नमस्कार. जाम्यांचं कापड बदलू या. जेम्स वेल्सने १७९२ च्या सुमारास पुण्यात रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र पाहा. आपल्या प्रसंगानंतर वीसेक वर्षांनीच काढलेलं आहे. दोघांच्याही अंगावर पांढरं, तलम कापड आहे. श्रीमंती दिसते ती दागिन्यांत. आपण मात्र कापडालाच दागिना करायला निघालो आहोत."

चित्रात आहे म्हणून तसंच करायचं, असं नाही. रंगमंचाची गरज वेगळी असते. पण इथे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जात होत्या. पॉलिस्टरची जर धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकची असते. स्पॉटचा प्रकाश पडला की ती कापडभर सारखीच चकाकते, घड्यांची सावली नाहीशी होते आणि माणूस पुठ्ठ्याचा कापून उभा केल्यासारखा दिसतो. शिवाय ते कापड ताठ. नट बैठकीवर मांडी घालून बसला की जाम्याचा घेर त्याच्याभोवती पसरण्याऐवजी डबा होऊन उभा राहतो. कपड्यात माइक लावलेला असेल तर प्रत्येक हालचालीला खसखस ऐकू येते ती वेगळीच.

मलमलीचा जामा याच्या उलट वागतो. कळ्या जोडून घेर केला की तो वळताना फिरतो आणि बसताना खाली येतो. मात्र मलमलीचे दोन दोष पत्रात लिहिणं भाग होतं. एक, ती पारदर्शक असते, तेव्हा छातीपाशी अस्तर हवं. दुसरा, कोऱ्या पांढऱ्या कापडावर दिवे पडले की ते इतकं उजळतं की नटाचा चेहरा काळवंडतो. त्यावरचा उपाय आमच्या धंद्यात जुना आहे. कापड चहाच्या पाण्यात बुडवून काढायचं. प्रेक्षकाला ते पांढरंच दिसतं, पण प्रकाश जरा पिऊन घेतं. पुढे धुतानाही झळाळी आणणारी पावडर वापरायची नाही, कारण निळ्या-जांभळ्या दिव्यांखाली ती चमकते.

आता पैसे. आमच्या नाटकाला मिळालेले दर असे होते: जरीचं पॉलिस्टर ३५० रुपये मीटर, मलमल १४० रुपये. एका जाम्याला ९ मीटर लागतात. सहा जाम्यांचा पॉलिस्टरचा खर्च १८,९०० रुपये. पांढरं कापड मळतं, म्हणून मलमलीचे प्रत्येकाला दोन जामे धरले, तरी कापड १५,१२० रुपयांतच येतं. इथेच अनेक जण फसतात. कापडात ३,७८० रुपये वाचले म्हणून खूश होतात आणि शिवणावळ विसरतात. सहा जामे जास्त शिवायचे, दर नगाला १,५०० रुपये, म्हणजे ९,००० रुपये वाढले. अस्तर घरच्या जुन्या सुती कापडातून काढलं, तरी स्वस्त कापड निवडून खर्च ५,२२० रुपयांनी चढलाच. हे पत्रात लपवलं असतं तर निर्मात्याने पहिल्या बिलालाच मला पकडलं असतं.

दुसरी वाढ खुनाच्या प्रसंगात होती. पत्रात मी लिहिलं:

"नारायणरावाचा अंगरखा रोज रक्ताने माखणार. शनिवार-रविवारी दोन-दोन प्रयोग आहेत. एका अंगरख्यावर भागणार नाही, तीन हवेत. तो काकाला मिठी मारतो, म्हणजे राघोबाचा जामाही खराब होणार. त्याचे दोन आहेतच. पण सॅटिनवर डाग बसला की तुमचा पुढचा प्रयोग डागासकट सुरू होईल."

मलमलीचे तीन अंगरखे म्हणजे १५ मीटर कापड आणि तिघांची शिवणावळ मिळून ५,७०० रुपये. सॅटिनचा एक ३,७०० रुपयांना पडत होता. २,००० रुपये वाढले. रक्ताचं मिश्रण बनवणाऱ्यालाही एक ओळ लिहिली: लाल रंगात थोडा द्रव साबण घालायचा, म्हणजे डाग लवकर सुटतो, पण नटाच्या तोंडात जाणाऱ्या रक्तात तो नको. आधी कापडाच्या तुकड्यावर लावायचं, दोन तास वाळू द्यायचं, मग धुऊन पाहायचं. गुलाबी छटा राहिली तर मिश्रण बदलायचं, अंगरखा नाही.

एवढी वाढ भरून निघाली ती पैठणीतून. हातमागाची नऊवारी ४५,००० रुपयांना मिळत होती. तिचं खरं देखणेपण जवळून कळतं: पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ असते. पंधराव्या रांगेतून ते दिसत नाही. तिथून दिसतो काठाचा रंग आणि निऱ्यांचा पडाव. त्यामुळे यंत्रमागाची, पण खऱ्या रेशमाची नऊवारी ९,००० रुपयांत सुचवली. कृत्रिम रेशमाची आणखी स्वस्त मिळाली असती, पण ते निसरडं असतं, निऱ्या आणि काष्टा सुटत राहतो. खात्रीसाठी काठाला लोंबणारे दोन-चार धागे काढून जाळले. केस जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत चुरडणारी काळी गोळी उरली, तर ते रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

३६,००० रुपये वाचले, ७,२२० वाढले, हाती राहिले २८,७८०. त्यातले १२,००० मी मोत्यांच्या माळा, शिरपेच आणि भिकबाळ्यांसाठी मागितले, कारण चित्रातली श्रीमंती तिथेच होती. १०,००० धुलाई आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवले. उरलेले ६,७८० निर्मात्याला परत.

काय गमावणार, तेही शेवटी लिहिलं. पहिल्या दोन रांगांना पैठणी यंत्रमागाची आहे हे कळेल. आणि पडदा उघडताच टाळी घेणारी झगमग मिळणार नाही.

दिग्दर्शकाने पत्र वाचून एकच प्रश्न विचारला, "मलमल आटेल ना?" बरोबर होतं. पत्रात मी ते मोजलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी एक मीटर तुकडा कापून रात्रभर पाण्यात ठेवला, वाळवला, इस्त्री केली. ९६ सेंटीमीटर भरला. म्हणजे १२३ मीटरच्या जागी सव्वापाच मीटर जास्त घ्यायचं, ७३५ रुपये आणखी, आणि सगळा तागा आधी धुऊन मगच कापायचा. दुसऱ्या दिवशी पत्राच्या तळाशी ६,७८० खोडून ६,०४५ लिहिले, दोघांनी खाली सह्या केल्या आणि शिंप्याला फोन लावला.