लाल टोपण, नारिंगी टोपण

वॉर्डात औषधांचा ट्रे घेऊन आलेली सिस्टर तुम्हाला नाव विचारते. कालही तिनेच विचारलेलं असतं, तरी आज पुन्हा विचारते. ‘तुम्ही पाटील ना?’ असं ती म्हणत नाही, कारण गुंगीतला पेशंट कशालाही हो म्हणतो. तो स्वतःच्या तोंडाने जे नाव सांगतो, ते ती मनगटाच्या पट्टीवर आणि केसपेपरवर ताडून पाहते. मग औषध, डोस, कोणत्या मार्गाने द्यायचं आणि किती वाजता, ही पडताळणी होते. अॅलर्जी विचारली जाते आणि औषध दिल्यावर लगेच नोंद होते. नोंद आधी करायची नाही, कारण आधी लिहिलेला डोस कधी कधी द्यायचाच राहून जातो.

बहुतेक औषधांना एवढी यादी पुरते. पण काही औषधांत जराशी चूकही जिवावर बेतते. इन्शुलिन, हेपरिन, तीव्र पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि कॅन्सरवरची इंजेक्शनं ही त्यांतली मुख्य. त्यांच्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने तपासणी करायची असते. ती कशासाठी, हे इन्शुलिनवरून नीट कळतं.

आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळतं. एका बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. समजा, डॉक्टरांनी १० युनिट लिहिले आहेत. बाटली १०० ची आहे आणि हाताशी आलेली सिरिंज लाल टोपणाची. सिस्टरने बरोबर १० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. त्या सिरिंजमध्ये १० ची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर, आणि या बाटलीतल्या पाव मिलिलिटरमध्ये २५ युनिट असतात. केसपेपरवर १०, सिरिंजवर १०, आणि पेशंटच्या अंगात अडीचपट डोस. उलट जोडी जुळली, तर १० ऐवजी ४ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात.

आकडा बरोबर दिसत असल्यामुळे ही चूक स्वतःची स्वतःला सहसा सापडत नाही. म्हणून दुसरी सिस्टर हवी. पण ‘अगं, हे दहा युनिट आहेत ना?’ असं विचारलं, तर ती सिरिंजकडे बघून हो म्हणेल आणि सहीही करेल. अशी तपासणी न केलेलीच बरी, कारण तिने खोटा दिलासा मिळतो. खरी तपासणी कोरी असते. दुसरी सिस्टर डॉक्टरांची ऑर्डर स्वतः वाचते, बाटलीवरची तीव्रता मोठ्याने वाचते, सिरिंज कोणती ते पाहते आणि डोस किती, हे आधी स्वतः सांगते. मगच दोघींची उत्तरं ताडून पाहायची. ऑर्डरमध्ये ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला असावा. इंग्रजी ‘यू’ हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. शेवटी आत्ताची साखर किती आणि जेवण आलं आहे का, हे दोन प्रश्न.

एवढं करूनही चूक झालीच, तर पेशंटला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी लगेच ग्लुकोमीटर लावायचा. साखर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.

या दुहेरी तपासणीलाही मर्यादा आहेत. प्रत्येक गोळीला दोन सह्या मागितल्या, तर तपासणी उरत नाही, नुसत्या सह्या उरतात. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकच सिस्टर असेल, तर दुसरी आणायची कुठून? तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरला किंवा शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलवावं लागतं, आणि ती सोय ठेवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, एकट्या सिस्टरची नाही. काही ठिकाणी चुकीला वावच न ठेवणं जास्त शहाणपणाचं. तीव्र पोटॅशियमची इंजेक्शनं पातळ न करता थेट शिरेत गेली, तर हृदय बंद पडू शकतं. ती साध्या वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नयेत. इन्शुलिनचंही तसंच : एका वॉर्डात एकाच तीव्रतेची बाटली आणि तिच्याच सिरिंज ठेवल्या, तर वर सांगितलेली गफलत जवळजवळ संपते.

नातेवाइकांना एक विनंती. घरचं इन्शुलिन रुग्णालयात नेलंत, तर त्याची सिरिंजही सोबत न्या आणि दोन्ही सिस्टरला दाखवा. पेशंट जेवला नसेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा. आणि सिस्टर औषध भरत असताना तिला हाक मारू नका. तिचं काम होईपर्यंत थांबा.