मागणी घटली, मग पुन्हा वाढली का?

स्लाइडच्या फोटोत उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग. उजवीकडे उतरणारा मागणी वक्र D1, त्याच्या डावीकडे D2, आणि चढता पुरवठा वक्र S. त्यांचे छेदबिंदू E1 आणि E2. इथपर्यंत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कुणी अडखळत नाही. खरी गोंधळाची जागा आहे ती E1 वरून E2 कडे जाण्याच्या वाटेत.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावसह नाशिकच्या बाजार समित्यांत भाव कोसळले. परदेशी पाठवण्यासाठी माल घेणारा व्यापारी लिलावातून उठला. म्हणजे कोणत्याही भावाला खपणारा कांदा कमी झाला आणि अख्खा मागणी वक्र डावीकडे सरकला. पुरवठा वक्र जागचा हलला नाही.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. बंदीआधी किलोला ३० रुपये भाव होता आणि त्या भावाला ४० हजार क्विंटल मागणी, तेवढाच पुरवठा. हा E1. बंदीमुळे प्रत्येक भावाची मागणी ३० हजार क्विंटलने घटली, म्हणजे ३० रुपयांना आता गिऱ्हाईक फक्त १० हजारांचं, माल मात्र ४० हजारांचा. शिल्लक माल खपवायला विक्रेते भाव उतरवतात. रुपयाने भाव उतरला की मागणी २ हजारांनी वाढते आणि पुरवठा १ हजाराने घटतो असं धरलं, तर २० रुपयांना दोन्ही ३० हजारांवर जुळतात. हा E2.

इथे मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात: भाव उतरला म्हणून मागणी पुन्हा वाढली आणि वक्र उजवीकडे परतला. हे चूक आहे. १० हजारांवरून ३० हजारांवर जाणं हे D2 वरूनच खाली घसरणं आहे, मागणीचा विस्तार. वक्र सरकतो तो किंमत सोडून दुसरं काही बदललं तरच: उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूचे भाव, सरकारी नियम. पुरवठ्याचंही तसंच, ४० वरून ३० हजार हा S वरचा संकोच. फोटोत वक्र ओळखू येत नसतील, तर दोन छेदबिंदू पाहा. किंमत आणि नग दोन्ही घटले, तर मागणी घटली आहे. किंमत घटून नग वाढले, तर पुरवठा वाढला आहे. दोन्ही वक्र एकदम सरकले असतील, तर मात्र ही खूण चालत नाही.

स्लाइडवरचा तिरपा S सगळ्या कांद्याला लागू पडत नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यामुळे शेतकरी भावाची वाट पाहू शकतो. डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. अशा वेळी पुरवठा वक्र जवळजवळ उभा होतो. आपल्याच आकड्यांत पुरवठा ४० हजारांवर अडकवून पाहा: भाव २० वर थांबत नाही, १५ पर्यंत जातो.