पडद्यावर ‘Refused’ दिसतं तेव्हा

तिचं घर नाशिकला, त्याचं टेक्ससमधल्या एल पासोला. तिच्या घरी मराठी बोलतात, त्याच्या घरी स्पॅनिश, आणि दोघांचा संसार चालतो तो इंग्रजीत. लग्न झालंय, पण एकत्र राहणं अजून कागदांवर अडलंय. व्हिसामुळे दुरावलेल्या जोडप्यांचं चित्र साधारण असंच असतं, म्हणून नमुन्यादाखल हीच जोडी घेऊ.

तो अमेरिकन नागरिक असल्याने पत्नीसाठी ‘आय-130’ हा अर्ज त्याने भरायचा. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे फी, ‘डीएस-260’ अर्ज आणि आर्थिक हमीचा ‘आय-864’ द्यावा लागतो. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत तिची मुलाखत. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, तरीही प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागतं. आणि किती थांबायचं, ते आधी कोणी सांगत नाही.

खरी कसोटी बहुधा मुलाखतीनंतर लागते. समजा, अधिकाऱ्याला त्याच्या करविवरणाचा उतारा हवा आहे. तो कलम 221(g) ची चिठ्ठी तिच्या हातात देतो. संध्याकाळी ती सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकते (मुंबईचे क्रमांक BMB ने सुरू होतात) आणि समोर शब्द येतो : Refused. खरं तर कागद बाकी असलेली किंवा जादा तपासणीत असलेली प्रकरणंही तिथे याच शिक्क्याखाली दाखवतात. मागितलेला कागद वर्षभरात पोचला, तर नवा अर्ज न करता तेच प्रकरण पुढे सरकतं. पण हे ठाऊक नसलेली व्यक्ती घाबरून लिहिते, ‘व्हिसा नाकारला. सगळं संपलं.’

एल पासोत तेव्हा सकाळ असते. तो कामावर जाता जाता हे वाचतो आणि उत्तर पाठवतो, ‘काळजी करू नकोस, लवकरच होईल.’ दोन्ही संदेश मनापासूनचे आहेत, आणि दोन्ही कुचकामी. तिच्या संदेशात चिठ्ठीवर काय आहे ते नाही; त्याच्या संदेशातलं ‘लवकरच’ त्याच्या हातात नाही. आईच्या भाषेत माणूस असा धीर देतो तेव्हा आवाजातली काळजी ऐकू येते. शिकलेल्या भाषेत, तेही टाइप करून, उरतं ते एक तयार वाक्य. चौथ्यांदा तेच आलं की समोरच्याला वाटतं, हा ऐकतच नाहीये.

त्याऐवजी तिने असं लिहावं : ‘चिठ्ठी मिळाली. तुझ्या कराचा उतारा मागितलाय, बाकी काही नाही. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय. मला आज रडू येतंय, पण ते कागदामुळे नाही, थकव्यामुळे.’ आणि त्याने : ‘उतारा आज रात्री काढतो, पाठवला की कळवतो. पुढे त्यांना किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. रविवारी दोघं बोलू, व्हिसा सोडून.’ छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. काय घडलं, पुढचं पाऊल कोणाचं आणि मन कसं आहे, हे वेगवेगळं ठेवलं की परक्या भाषेतही गैरसमज कमी होतात. आशा द्यायची ती ज्याची तारीख आपल्या हातात आहे अशाच गोष्टीची. रविवारचा फोन त्यातलाच.

संकेतस्थळावरची ‘शेवटची नोंद’ ही तारीख मधूनच बदलते आणि निर्णय मात्र काहीच झालेला नसतो. ती रोज एकमेकांना कळवणाऱ्या जोडप्यांची रोज नव्याने निराशा होते. आठवड्यातून एकदा, एकानेच पाहायची असं ठरवलेलं बरं. घड्याळाचंही तसंच : उन्हाळ्यात दोन शहरांत साडेअकरा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेबारा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये फोनची वेळ चुकली, तर रुसण्याआधी अमेरिकेतलं घड्याळ बघावं.

याच गप्पा पुढे पुरावाही होतात. नातं खरं आहे हे दाखवायला जोडपी निवडक संदेश जोडतात. आय-130 सोबत इंग्रजी नसलेला मजकूर द्यायचा तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं. इंग्रजीत संसार करणाऱ्यांचं हे काम वाचतं. म्हणून अधिकारी वाचेल या हिशेबाने कोणी गोड गोड लिहू नये. गॅस सिलिंडर, सासूबाईंचा गुडघा, फोनवरून झालेलं भांडण, असे वेगवेगळ्या महिन्यांतले साधे संदेश जास्त खरे दिसतात.

एक बोलणं मात्र दोघांनी राखून ठेवावं, ते विमानाच्या तिकिटाचं. व्हिसा हातात येईपर्यंत प्रवास पक्का करू नका, असं वकिलात स्वतःच सांगते. तोवर तो फार तर विचारू शकतो की एल पासोच्या उन्हाळ्यासाठी ती कोणत्या साड्या आणणार आहे.