‘तुमच्याबद्दल सांगा’ : दीड मिनिटांचे उत्तर

मुलाखतीत बहुधा पहिलाच येणारा ‘तुमच्याबद्दल थोडं सांगा’ हा प्रश्न नवख्यापेक्षा दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्या उमेदवाराला जास्त जड जातो. नवख्याकडे सांगण्यासारखे थोडेच असते. अनुभवी माणसाकडे भरपूर असते, पण त्यातले काय गाळायचे हे त्याने ठरवलेले नसते. मग तो दहावीच्या टक्क्यांपासून सुरुवात करतो आणि पाच मिनिटे झाली तरी दुसऱ्या नोकरीतच अडकलेला असतो. समोरचा अधिकारी एव्हाना बायोडेटाची पाने उलटू लागतो. उत्तर लांबल्याची ही पहिली खूण.

बायोडेटा समोर असताना तो पुन्हा ऐकण्यात कोणाला रस नसतो. ऐकणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : हा माणूस आज काय सांभाळतो, त्याने काय करून दाखवले आहे आणि त्याला हीच जागा का हवी आहे. उत्तराचा क्रमही हाच ठेवावा, म्हणजे आज, मग मागचे, मग पुढचे. दीड ते दोन मिनिटे पुरतात. सावकाश बोलले तर तेवढ्या वेळात साधारण दोनशे शब्द बसतात.

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात चौदा वर्षांच्या अनुभवाचा क्वालिटी इंजिनिअर आहे आणि तो क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत देतो आहे. त्याचे नेहमीचे उत्तर असे : ‘मी मूळचा सांगलीचा. डिप्लोमा केला, नंतर नोकरी करत डिग्री घेतली. पहिली नोकरी भोसरीला, दोन वर्षं. घरी आई-वडील, पत्नी, दोन मुलं. मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडतं.’ यात खोटे काही नाही, पण हे वाक्य कोणीही म्हणू शकेल आणि मॅनेजरच्या जागेशी त्याचा संबंध लागत नाही.

तोच माणूस असे सांगू शकतो : ‘सध्या मी ब्रेकच्या भागांच्या लाइनची क्वालिटी बघतो. महिन्याला तीन लाख नग जातात, हाताखाली अकरा माणसं आहेत. दोन वर्षांपूर्वी ग्राहकाकडून महिन्याला सरासरी १२० नग परत येत होते. बहुतेक तक्रारी एकाच भोकाच्या मापाच्या होत्या. ड्रिल किती नगांनंतर बदलायचा हे ठरलेलंच नव्हतं. मी ते ठरवून घेतलं आणि तपासणी शेवटी न ठेवता मशीनजवळ आणली. आता तीसच्या आत नग परत येतात. त्याआधी सहा वर्षं मी पुरवठादारांची क्वालिटी बघत होतो, त्यामुळे कच्च्या मालातला दोष कुठून येतो ते कळतं. तुमच्याकडे नवी लाइन सुरू होतेय आणि ती पहिल्या दिवसापासून बसवणारा माणूस हवा आहे, म्हणून मी अर्ज केला.’

दुसऱ्या उत्तराचे बळ १२० वरून तीसवर येण्यात आहेच, पण त्याहून जास्त मधल्या कारणात आहे. ड्रिलचा उल्लेख आला की ऐकणाऱ्याची खात्री पटते की हे काम याने स्वतः केले आहे. आकडा आहे पण कारण नाही, तर तो टीमच्या कामावर स्वतःचे नाव लावल्यासारखा वाटतो. म्हणून ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांची सरमिसळ टाळावी. टीमने केलेले टीमचे म्हणावे आणि स्वतःचा निर्णय ‘मी’ म्हणून सांगावा. असा एकच प्रसंग पुरे. तीन-चार सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

काय ठेवायचे हे जागेच्या जाहिरातीवरून ठरते. त्यात नवी लाइन, पुरवठादार, ऑडिट असे जे शब्द असतील, त्यांना जुळणारा अनुभव ठेवावा. बाकीचा चांगला असला तरी गाळावा. हाच इंजिनिअर पुरवठादार-विकासाच्या जागेसाठी गेला, तर ती सहा वर्षे पुढे येतील आणि ड्रिलची गोष्ट एका वाक्यावर येईल. कामात खंड पडला असेल, तर कारण एका वाक्यात सांगून पुढे जावे. जुन्या साहेबाची तक्रार आणि ग्राहक कंपनीची गोपनीय माहिती मात्र या उत्तरात अजिबात नको.

हे उत्तर शब्दशः पाठ करू नये. पुष्कळ ठिकाणी मुलाखत इंग्रजीतून होते. पाठ केलेले एक वाक्य विसरले की पुढचे सगळेच अडते. चार मुद्दे कागदावर लिहावेत, फोनवर रेकॉर्ड करून तीन-चार वेळा ऐकावेत आणि दोन मिनिटांच्या वर गेल्यास मागच्या नोकऱ्यांचा भाग कापावा. उत्तर जमले की नाही, हे पुढच्या प्रश्नावरून कळते. ‘बरं, आता तुमचं शिक्षण सांगा’ असे आले, तर पकडण्यासारखे काही मिळाले नाही. ‘ड्रिल किती नगांनी बदलायचं ठरलं?’ असे आले, तर मुलाखत उमेदवाराच्या कामावर आली.