सहलीच्या वहीतला तिसरा रकाना

प्रवासाची वही म्हटली की बहुतेक जण वर्णन लिहायला बसतात. सूर्योदय, देवळाचं शिखर, जेवणाची चव. हे लिखाण आनंदाचं खरं, पण पुढची सहल आखताना त्याची फारशी मदत होत नाही. त्यासाठी वेगळी वही लागते, आणि तिला दिवसाला अर्धं पान पुरतं. पानावर तीन रकाने आखायचे: काय ठरवलं होतं, काय झालं आणि कशामुळे.

समजा, आजी-आजोबा आणि शाळकरी मुलांसह एक कुटुंब डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, म्हणून वार बघून बेत केलेला. अजिंठ्याचा दिवस असा ठरला होता: आठला निघायचं, शंभर किलोमीटरचा रस्ता, दहाला लेणी, दीडला जेवण आणि परतल्यावर संध्याकाळी बीबी का मकबरा. प्रत्यक्षात निघायला पावणेनऊ झाले, पहिल्या लेण्यापाशी पोचायला बारा, आणि साडेतीनला सगळे इतके थकले की मकबरा राहूनच गेला.

‘रस्त्यात वेळ गेला’ एवढंच कारण लिहिलं तर पुढच्या वेळी फार तर अर्धा तास लवकर निघाल आणि पुन्हा तिथेच अडकाल. कारण शोधायला फोन मदत करतो. प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते आणि ऑनलाइन दिलेले पैसेही वेळेसकट दिसतात, त्यामुळे दिवसभर पेन काढायची गरज नाही. या कुटुंबाने रात्री फोटो पाहिले तेव्हा कळलं, की गाडी फर्दापूरच्या फाट्यावर अकरालाच पोचली होती. पुढचा तास गाडी लावणं, लेण्यांकडे नेणाऱ्या बसची रांग, तिकीट आणि पायऱ्या यांत गेला. ठरवलेल्या वेळात या टप्प्याला जागाच नव्हती. शिवाय चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि आतल्या मंद उजेडाला डोळे सरावायलाही वेळ लागतो. म्हणजे पहिलं आणि दुसरं लेणं झटपट उरकण्यासारखं नाहीच.

फोनला न कळणाऱ्या गोष्टी मात्र हातानेच लिहाव्या लागतात. आजोबांचे गुडघे किती वाजता दुखायला लागले, मुलांना भूक कधी लागली, कोण कुठे कंटाळलं. माझ्या मते वहीतला सर्वांत मोलाचा मजकूर हाच. तो त्याच रात्री लिहावा, कारण घरी परतेपर्यंत थकवा विसरला जातो आणि सगळंच छान झाल्यासारखं वाटू लागतं. या पानावर लिहिलं गेलं: ‘आजोबा दीडपर्यंत ठीक. सव्वीसाव्या लेण्यातला निजलेला बुद्ध त्यांना सर्वांत जास्त पाहायचा होता, पण तिथे पोचेपर्यंत पाय उचलत नव्हते. डोलीची चौकशी खालीच करायला हवी होती.’

या नोंदीचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला आधी करायचा बेत होता. तो बदलून थेट कैलास लेण्याकडे गेले आणि चढ असलेला किल्ला सोडून दिला.

निकाल मात्र घाईने लावू नये. सहल कशी झाली, हे घरी आल्यावर आठवड्याभराने प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं. एकत्र विचारलं की पहिला बोलेल त्याचीच री बाकीचे ओढतात. पुन्हा करावंसं काय आणि वगळलं तरी चालेल असं काय, हे दोनच प्रश्न पुरेत.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. एखाद्या दिवशी पाऊस आला किंवा टायर पंक्चर झाला, तर तो योगायोग असतो. त्यावरून नियम करू नये. तीच अडचण दुसऱ्या सहलीतही आली, तरच ती शेवटच्या पानावर उतरवावी. निघायला पाऊण तास उशीर होणं बहुतेक घरांत या पानावर येतंच. मग तो उशीर सुधारण्याच्या मागे न लागता बेतातच धरावा.

हे पान तिकिटं काढण्याआधी वाचायचं. याच कुटुंबाचा पुढचा बेत बदामीचा असेल, तर वहीच्या आधाराने तो असा होईल: पहिल्या दिवशी सकाळी गावातलीच चार लेणी, पायऱ्या ऊन चढायच्या आत, आणि दुपारी खोलीवर विश्रांती. ऐहोळे आणि पट्टदकल दुसऱ्या दिवशी; निघायची वेळ कागदावर आठ, हिशेबात पावणेनऊ. प्रत्येक ठिकाणी गाडी लावण्यापासून प्रत्यक्ष बघायला लागेपर्यंतचा वेळ वेगळा धरलेला, आणि आजोबांना जे सर्वांत जास्त बघायचं आहे ते दीडच्या आत.