कार्डावरचा ज्ञानकोश

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर राहणारी अकरावी विज्ञानाची मुलगी डोळ्यांसमोर आणा. मोबाईल आहे, नेटपॅकही आहे. पण रेंज टेकडीवर चढल्यावरच मिळते आणि पावसाळ्यात तीही जाते. दहावीपर्यंत मराठीत शिकली, आता भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीत आलं. 'टॉर्क' म्हणजे काय, हे रात्री नऊ वाजता कुणाला विचारायचं? तिच्यासाठी आख्खा विकिपीडिया मेमरी कार्डावर ठेवता येतो, आणि एकदा ठेवला की वाचायला रेंज लागत नाही. त्यासाठी किविक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. एका स्वयंसेवी प्रकल्पातून ते 2007 पासून वाढत आलं आहे.

किविक्स हे फक्त वाचण्याचं साधन. मजकूर वेगळ्या फाईलीत येतो आणि तिच्या नावाच्या शेवटी .zim असतं. आख्खा कोश दाबून त्या एकाच फाईलीत भरलेला असतो; तो उलगडावा लागत नाही, अ‍ॅप हवं ते पान तेवढं काढून दाखवतं. शोधासाठीची सूचीही आतच असते. त्यामुळे ब्राउझरमध्ये पानं एकेक करून साठवण्यापेक्षा ही सोय फारच सरस आहे.

खरी गोम फाईल निवडण्यात आहे. किविक्सच्या यादीत एकाच विकिपीडियाच्या तीन आवृत्त्या दिसतात. maxi म्हणजे चित्रांसह पूर्ण लेख, nopic म्हणजे चित्रांशिवाय पूर्ण मजकूर, आणि mini म्हणजे प्रत्येक लेखाचा फक्त सुरुवातीचा भाग व बाजूची माहितीचौकट. इंग्रजी विकिपीडियाची maxi फाईल 100 जीबीहून मोठी आहे, nopic साधारण 50 जीबीच्या आसपास आणि mini दहा-बारा जीबी. अनेक जण कमी आकार बघून mini उतरवतात आणि लेख दुसऱ्या परिच्छेदाशी संपतो म्हणून वैतागतात. फाईल बिघडलेली नसते, ती मुळातच तेवढी असते.

मग आपल्या अकरावीच्या मुलीनं काय घ्यावं? मराठी विकिपीडियाची maxi घ्यावीच. इंग्रजीच्या तुलनेत ती अगदी छोटी आहे. पण तिच्यावर विसंबून विज्ञान शिकता येणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मराठीतल्या लेखांचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात गावांवरचे दोन-तीन ओळींचे लेख भरपूर आहेत. इतिहास, भूगोल, संतचरित्रं यांसाठी ती उपयोगी; टॉर्कसाठी नाही.

टॉर्कसाठी माझी शिफारस आहे सिंपल इंग्लिश विकिपीडिया. तो जाणूनबुजून सोप्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहिलेला असतो, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला नेमका पेलवेल असा. त्याची maxi फाईल तीन जीबीच्या आसपास आहे. इथे nopic घेऊन जागा वाचवू नये, कारण विज्ञानात आकृतीच अर्धं काम करते. जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित अशा एकेका विषयाचे लेख वेगळे काढून केलेल्या इंग्रजी फाईलीही यादीत मिळतात. सिंपल इंग्लिशमध्ये कल्पना समजली की खोलात जायला त्या उघडाव्यात. पाठ्यपुस्तकं मात्र किविक्समध्ये शोधू नयेत. ती बालभारतीच्या ई-बालभारती संकेतस्थळावरून पीडीएफ रूपात मोफत उतरवता येतात.

आता उतरवण्याचं गणित. रोज 2 जीबीचा पॅक असेल तर तीन जीबीची फाईल एका दिवसात बसत नाही. कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगानं एक जीबी उतरायला जवळपास 35 तास लागतात. म्हणून हे काम तालुक्याच्या गावी, चांगल्या वाय-फायवर करावं. 10 एमबीपीएसचा वेग मिळाला तर तीन जीबी पाऊण तासात येतात. रेंज मध्येच तुटणार असेल तर साध्या ब्राउझरऐवजी टोरंटनं उतरवावं. त्यात फाईल तुकड्यातुकड्यानं येते, प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि तुटलं तिथून काम पुढे सुरू होतं.

ब्राउझरनं उतरवलेली फाईल अर्धवट आहे का, हे आधी आकारावरून ओळखावं. यादीत दिलेल्या आकारापेक्षा ती लहान असेल तर अपुरी आहे. आकार जुळूनही अ‍ॅप फाईल उघडत नसेल किंवा काही पानांवर अडकत असेल, तर तिची ओळखखूण तपासावी. उतरवण्याच्या दुव्याच्या शेवटी .sha256 जोडलं की खरी खूण मिळते. विंडोजच्या संगणकावर फाईलीचं नाव simple.zim ठेवलं असेल, तर आपल्याकडची खूण अशी काढता येते:

```
certutil -hashfile simple.zim SHA256
```

दोन्हींत एका अक्षराचाही फरक असेल तर फाईल पुन्हा उतरवावी लागेल.

सर्वांत जास्त लोक अडतात ते मात्र वेगळ्याच जागी. 32 जीबीपर्यंतची मेमरी कार्डं सहसा फॅट32 पद्धतीनं मांडलेली येतात, आणि त्या मांडणीत 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही. कार्डावर वीस जीबी मोकळे दिसत असूनही संगणक 'फाईल फार मोठी आहे' म्हणतो, आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. सिंपल इंग्लिश त्या मर्यादेत बसतो. पूर्ण इंग्रजीची कुठलीही आवृत्ती बसत नाही. तिच्यासाठी 64 जीबी किंवा मोठं कार्ड घ्यावं. ती कार्डं एक्सफॅट मांडणीत येतात आणि तिथे ही अडचण नाही. काही जुने फोन एक्सफॅट ओळखत नाहीत आणि कार्ड 'खराब' असल्याचं सांगून फॉरमॅट करायला सुचवतात. तिथे 'हो' दाबलं की सगळं गेलं, म्हणून फाईली भरण्याआधी रिकामं कार्ड त्या फोनमध्ये घालून बघावं.

अँड्रॉइडवर आणखी एक खोच आहे. प्ले स्टोअरच्या नियमांमुळे तिथल्या किविक्सला कार्डावर बाहेरून आणून ठेवलेल्या फाईली वाचण्यात अडथळे येतात. किविक्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं एपीके घेतलं तर हा त्रास टळतो.

एकीनं आणलेला कोश सगळ्या वर्गालाही वापरता येतो. विकिपीडियाचा परवानाच नक्कल करून वाटायची मुभा देतो, त्यामुळे यात चोरटेपणा काही नाही. ओटीजी पेनड्राइव्हनं फाईल फोनमधून फोनमध्ये जाते. किंवा एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून किविक्समधूनच ग्रंथ खुला करता येतो. अ‍ॅप एक पत्ता दाखवतं आणि बाकीच्या मुली तो आपापल्या ब्राउझरमध्ये टाकून वाचतात. यात कुणाचाही डेटा खर्च होत नाही. मात्र हॉटस्पॉटला एकावेळी मोजकेच फोन जोडले जातात, चाळीस मुलींचा वर्ग नव्हे.

शोधताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लेख नाही असं वाटू शकतं, म्हणून शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरंच टाकून खाली येणारी यादी बघावी. आणि फाईलीच्या नावातलं वर्ष-महिना नक्की वाचावं. कोश त्या महिन्यापाशी थांबलेला असतो. न्यूटनच्या नियमांना त्यानं फरक पडत नाही, पण मंत्र्यांची नावं, लोकसंख्या, विक्रम यांसाठी जुनी फाईल फसवते. वर्षातून एकदा ती बदलली तरी शाळेच्या कामाला पुरते.

पुण्या-मुंबईत घरी अमर्याद वाय-फाय असलेल्यांनी दिवाळीला गावी जाताना 64 जीबीचं एक कार्ड भरून न्यावं. त्यात मराठी विकिपीडिया, सिंपल इंग्लिश, भौतिक-रसायन-गणिताच्या फाईली, बालभारतीचे पीडीएफ आणि किविक्सचं एपीके असावं. अ‍ॅप विसरलात तर गावात .zim फाईली कुणालाच उघडता येणार नाहीत.