झोतावर बसलेला चेंडू

भाचीने जत्रेतून एक खेळणं आणलं. चिलमीसारखी वाकडी प्लॅस्टिकची नळी, टोकाला छोटीशी वाटी आणि वाटीत थर्माकोलची गोळी. नळीत फुंकर मारली की गोळी वाटीतून उठते आणि दम टिकेल तोवर हवेत थरथरत राहते. तिचा दम चार-पाच सेकंदांतच संपायचा. म्हणून मी हेअर ड्रायर काढला, त्याचं पुढचं चपटं तोंड उपसून बाजूला ठेवलं, गार हवेचं बटण दाबलं आणि टेबल टेनिसचा चेंडू झोतावर सोडला. वीतभर उंचीवर तो गरगरत थांबला.

ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, वर उडतो ते कळलं. पण बाजूला का नाही पडत?"

खरा प्रश्न हाच आहे, पण आधी वर उडण्याचं पाहू. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, व्यास ४० मिलिमीटर. त्याला तोलून धरायला खालून येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला साधारण ९ मीटर, म्हणजे ताशी बत्तीसेक किलोमीटर लागतो. या वेगाने चेंडूएवढ्या गोल खिडकीतून सेकंदाला जेमतेम साडेतेरा ग्रॅम हवा जाते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. या हवेचा वर जाणारा संवेग चेंडू थोडासा काढून घेतो, आणि जितका काढून घेतो तितकाच रेटा त्याला वरच्या दिशेने मिळतो. एकपंचमांशाहून किंचित जास्त संवेग घेतला की चेंडूचं वजन भागतं. बाकीची हवा त्याला वळसा घालून पुढे निघून जाते.

एका ठरावीक उंचीवरच तो का थांबतो? झोत जसा वर जातो तसा आजूबाजूची स्थिर हवा ओढून बरोबर घेतो आणि रुंद होत जातो. संवेग तेवढाच राहतो, पण वाटेकरी वाढतात, त्यामुळे वेग उतरतो. तोंडापासून थोडं दूर गेल्यावर, अंतर दुप्पट झालं की झोताच्या मध्यावरचा वेग साधारण निम्मा होतो. चेंडू वर सरकला तर रेटा कमी पडून खाली येतो, खाली आला तर जोराचा रेटा त्याला पुन्हा वर ढकलतो. जिथे मध्यावर ९ मीटरच्या आसपास वेग असेल, तिथे त्याचं आसन.

आता बाजूची गोष्ट. शाळेत बहुतेकांनी ऐकलेलं उत्तर असं: वेगवान हवेत दाब कमी असतो, झोतातली हवा वेगवान, बाहेरची शांत, म्हणून बाहेरचा जास्त दाब चेंडूला आत ढकलतो. ऐकायला चोख, पण चूक. उघड्या हवेत सोडलेल्या सरळ झोतातला दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो, फरक असला तरी नगण्य. वेग वाढला की दाब कमी होतो हा बर्नुलीचा नियम एकाच प्रवाहाच्या वाटेवर लावायचा असतो. ड्रायरच्या पंख्याने वेगळी ऊर्जा दिलेली हवा आणि खोलीतली निवांत हवा यांची तुलना त्याने करता येत नाही.

पटत नसेल तर कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. वरचं टोक धरून ती सरळ खाली लोंबू द्या आणि एका बाजूने, तिच्या पृष्ठाला समांतर, वरून खाली फुंकर मारा. शाळेतलं उत्तर खरं असतं तर पट्टी लगेच फुंकरीकडे ओढली जायला हवी. ती जवळजवळ जागची हलत नाही. आता तीच पट्टी ओठांपाशी आडवी धरा, म्हणजे ती पुढे बाक घेऊन लवेल, आणि वरून फुंका. झटक्यात उचलली जाते. फुंकर तीच, फरक फक्त बाकाचा.

चेंडूलाही बाकच वाचवतो. समजा तो झोताच्या मध्यापासून थोडा उजवीकडे सरकला. आता जोराची हवा त्याच्या डाव्या गालावरून जाते आणि सरळ वर न जाता गोलाईला चिकटून उजवीकडे वळते. वाहती हवा वळवायची तर तिला वळणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी ढकलावं लागतं. ते काम दाब करतो: बाहेर वातावरणाचा पूर्ण दाब आणि आत, चेंडूच्या डाव्या गालाला लागून, त्याहून कमी. उजव्या गालावर एवढी घट होत नाही, म्हणून चेंडू डावीकडे, झोताच्या मध्याकडे ढकलला जातो. हीच गोष्ट संवेगाच्या भाषेत सांगायची तर, चेंडूने हवेला उजवीकडे वळवलं, म्हणून हवेने त्याला डावीकडे रेटलं. ही दोन वेगवेगळी कारणं नव्हेत, एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी आहेत.

हवा वळते हे डोळ्यांना दाखवता येतं. काडीला टिश्यू पेपरची अरुंद पट्टी बांधून ती चेंडूच्या वर धरली, तेव्हा ती सरळ वर फडफडत होती. मग भाचीने बोटाने चेंडू हलकेच उजवीकडे दाबून धरला आणि पट्टीही उजवीकडे कलली. बोट काढताच चेंडू मध्याकडे परतला, एक-दोनदा मध्य ओलांडून डुलला आणि पट्टी पुन्हा उभी झाली.

वाहत्या झोताने वळत्या पृष्ठाला चिकटून जाणं याला कोआंडा परिणाम म्हणतात. हे नाव रुमानियाचे अभियंते आंरी कोआंडा यांच्यावरून पडलं, पण फुंकनळीचा झोत आपल्याकडे मेणबत्तीची ज्योत ओढतो हे थॉमस यंग यांनी १८०० सालीच लिहून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात याचा चुलत भाऊ भेटतो. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर पाठ लावा: धार चमच्याच्या बाजूला वळते आणि चमचा धारेत ओढला जातो. अर्थात पाणी धातूला स्वतःहूनही चिकटतं, त्यामुळे साम्य शंभर टक्के नाही.

ही ओढ केवढी असते ते ड्रायर तिरका केल्यावर कळतं. उभ्या रेषेपासून ३० अंश कलवला तरी चेंडू पडत नाही, फक्त झोताच्या मध्याखाली जरासा लोंबतो. या कोनात त्याच्या वजनाचा बरोबर निम्मा भाग झोताच्या आडव्या दिशेला येतो, म्हणजे १.३५ ग्रॅमचा भार निव्वळ बाजूच्या ओढीवर असतो. चेंडूचं काटछेद-क्षेत्र साडेबारा चौरस सेंटिमीटर. त्यावर हा भार वाटला तर दाबाचा फरक येतो सुमारे एक मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा. वातावरणाचा दाब दहा मीटर पाण्याएवढा असतो, त्याचा हा दहाहजारावा भाग. कोन वाढवत गेलं की एका क्षणी हवा गोलाई सोडून सुटते आणि चेंडू टपकन पडतो.

मग भाचीने घरात सापडेल ते झोतावर टाकून पाहिलं. रिकामी काडेपेटी हलकी असूनही टिकली नाही, कारण धारदार कडेवर हवा पृष्ठ सोडून देते. वळण नाही, त्यामुळे ओढ नाही. टेबल फॅन उताणा ठेवून केलेला प्रयोगही फसला: झोत संथ, वर भोवऱ्यासारखा फिरणारा आणि चेंडूच्या मानाने इतका रुंद की डावा-उजवा गाल त्याला सारखेच. शेवटी ती क्रिकेटचा लेदर बॉल घेऊन आली. मी कागदावर आकडेमोड केली. त्याला तोलायला ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेग लागेल.

"म्हणजे फास्ट बोलरएवढा," ती म्हणाली आणि ड्रायरकडे जरा तुच्छतेनेच बघून बॉल खिशात टाकला.